घरचं नेट हळू झालं की पोराला किंवा केबलवाल्याला फोन लावायच्या आधी काय पाहायचं?

तुरीची_शेंग (दारव्हा तालुका) · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी या लाइनची नाही. घर, दोन म्हशी आणि पोरीचं बारावीचं वर्ष, एवढाच माझा कारभार. गेल्या दिवाळीत गावात फायबर आलं तेव्हा पोरीच्या अभ्यासासाठी ४० च्या वेगाचा प्लॅन घेतला. दिवसा बरं चालते. संध्याकाळी सात वाजले की तिच्या लेक्चरचं चाक फिरत राहते, आणि ती माझ्याकडे अशी पाहते जशी मीच खालून वायर ओढून राहिली.

पोरगा पुण्याला. फोन केला की म्हणते "आई, रीस्टार्ट कर" आणि ठेवून देते. केबलवाला पोरगा तीन दिवसांनी येते, भर दुपारी येते, आणि तेव्हा सगळं चांगलं चालून राहिलेलं असते. मग "काकू, लाइन तर बरोबर आहे" म्हणून चहा पिऊन जाते. मागच्या महिन्यात असं तीनदा झालं.

मले फक्त एवढं सांगा, ज्याले काही समजत नाही अशा बाईनं एकामागून एक काय पाहायचं? कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवीन. घर सांगते. समोरच्या खोलीत टीव्हीमागं नेटचा डबा आहे. मग मधली खोली. मग मागची खोली, तिथं पोरगी बसते. जुनं घर आहे, भिंती मातीच्या, हातभर जाड.

निवृत्त_गुरुजी · सोमवार, रात्री १०.०५

ताई, सोपं आहे. डबा बंद करून पुन्हा चालू करा, दहातल्या आठ वेळा त्यानंच काम होतं. नाही झालं तर डब्याच्या मागं एक बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबा, डबा नव्यासारखा होतो. आणि वायफायच्या यादीत दोन नावं दिसतील, त्यातलं शेवटी 5G असलेलं घ्या. आता सगळीकडे ५जी आलं आहे, जुनं कशाला वापरायचं?

वणीचा_वायरमन · सोमवार, रात्री १०.५०

ताई, थांबा. पिन हातात घेतली असंल तर खाली ठेवा.

गुरुजी, माफ करा, पण त्या भोकातलं बटण रीस्टार्टचं नाही. त्यानं डब्यातली सगळी माहिती पुसून जाते. तुमच्या लाइनचं नाव, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं. मग डब्यावर दिवे छान लागतात आणि नेट मात्र शून्य. ते पुन्हा भरायले माणूसच यावा लागते. मी बारा वर्षं फायबर जोडून राहिलो, आणि पिनवाल्या घरी जाणं हे माझ्या उन्हाळ्यातलं ठरलेलं काम आहे.

रीस्टार्टचं गुरुजींचं बरोबर आहे. पण बोर्डावरच्या बटणानं बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा, आणि मग पाच मिनिटं डब्याकडे पाहूच नका. लोक एका मिनिटात पुन्हा बंद करतात, थो डबा बिचारा उठून बसलेलाही नसते. एकदा करा. दोनदा करून फरक नाही पडला तर तिसऱ्यांदाही पडणार नाही.

5G चं उद्या सांगतो, तो मोठा घोळ आहे. आज झोपायच्या आधी फक्त डब्यावरचे दिवे पाहून लिहा. LOS नावाचा दिवा आहे का, आणि लाल लुकलुकून राहिला का?

मेळघाटचा_मोह · सोमवार, रात्री ११.२०

आमच्या धारणीकडे तर टॉवरच पकडत नाही. झाडाखाली उभं राहिलं तर एक काडी येते. सिम बदललं, फोन बदलला, आता काय करावं?

वणीचा_वायरमन · सोमवार, रात्री ११.२८

भाऊ, तुमचा प्रश्न टॉवरचा, ताईंचा तारेचा. वेगळा धागा काढा, इथं दोन्ही मिसळले तर कुणालेच काही समजणार नाही.

तुरीची_शेंग · मंगळवार, सकाळी ६.१५

LOS चा दिवा बंद आहे. POWER हिरवा, PON हिरवा स्थिर. खाली एकदोन लुकलुकतात. LOS बंद म्हणजे काही बिघडलं का?

वणीचा_वायरमन · मंगळवार, सकाळी ७.०२

उलट. LOS बंद असणंच चांगलं. लाल लुकलुकला म्हणजे बाहेरून फायबरमधला उजेड तुमच्या डब्यापर्यंत पोचून नाही राहिला. तेव्हा घरात काहीच करू नका, रीस्टार्टही नाही, सरळ केबलवाल्याले फोन लावा आणि "LOS लाल आहे" एवढं बोला. हे तीन शब्द ऐकले की थो चहाले नाही, शिडी घेऊन येते. PON लुकलुकत राहिला आणि स्थिर झालाच नाही, तरी तसंच.

तुमचे दिवे ठीक आहेत. म्हणजे तार आली, उजेड आला. आता फक्त एक गोष्ट ठरवायची: नेट बाहेरूनच हळू येऊन राहिलं, की डब्यापर्यंत चांगलं येऊन तुमच्या घरातल्या घरात हरवून राहिलं? बाकी सगळं यावर आहे. केबलवाला आला की डब्याजवळ उभा राहून पाहते, पोरगी रडते मागच्या खोलीत. दोघंही खरं बोलतात.

असं करा. एकच फोन घ्या. त्याचा मोबाइल डेटा बंद करा, फक्त वायफाय ठेवा, नाहीतर कधीकधी फोन गुपचूप सिमवर जाते आणि तुम्ही टॉवरचा वेग मोजता. ब्राउझरमध्ये हे टाका:

```
fast.com
```

आपोआप एक आकडा फिरतो आणि थांबतो, बाजूला Mbps लिहिलेलं असते. थोच वेग. पहिले डब्यापासून चार हातांवर उभं राहून, मग पोरीच्या खुर्चीवर बसून. आत्ता सकाळी एकदा, आणि रात्री साडेआठले एकदा. चार आकडे कागदावर. जास्त वेळा करू नका, प्रत्येक वेळी डेटा जाते.

निवृत्त_गुरुजी · मंगळवार, सकाळी ८.३०

पिनचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे मुलगा करतो, मी पाहिलं होतं. पण ४० चा प्लॅन आहे तर १०० चा घेतला की प्रश्नच मिटला ना? दोनतीनशे रुपयांचा फरक.

वणीचा_वायरमन · मंगळवार, सकाळी ८.४४

गुरुजी, विहिरीले पाणी भरपूर असून पाइप फुटलेला असंल तर मोटर मोठी बसवून काय होईल? आकडे येऊ द्या.

भंडाऱ्याचा_भात · मंगळवार, दुपारी १.१०

माझंही असंच झालं होतं म्हणून लिहितो. आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नेट मरते आणि मग एके दिवशी सकाळी आपोआप जिवंत होते. मी दोन महिने रोज रीस्टार्ट केला, डबा बदलून मागितला, एकदा भांडलोही. शेवटी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं तर महिन्याचा ठरलेला डेटा २२ तारखेलाच संपून राहिला होता. संपला की वेग खाली आणतात, बंद नाही करत, म्हणून समजत नाही. पोरं रात्रभर टीव्हीवर मोठ्या चित्रात क्रिकेट पाहत.

वणीचा_वायरमन · मंगळवार, दुपारी १.३५

भातभाऊंचं एकदम कामाचं. याची खूण अशी की डब्याजवळ उभं राहून सकाळी, दुपारी, रात्री कधीही पाहा, आकडा तोच. दोन म्हणजे दोन. जो आकडा घड्याळाप्रमाणं हलत नाही, त्याच्यामागं बहुतेक प्लॅनची मर्यादा असते. ताई, अ‍ॅपमध्ये किंवा कंपनीच्या एसएमएसमध्ये पाहून घ्या किती डेटा उरला. पण तुमचं संध्याकाळीच बिघडते म्हणता, म्हणून मले तसं वाटत नाही.

तुरीची_शेंग · मंगळवार, रात्री ९.१५

घ्या आकडे.

सकाळी साडेसात: डब्याजवळ ३८, पोरीच्या खुर्चीवर ११.
रात्री साडेआठ: डब्याजवळ १४, पोरीच्या खुर्चीवर २.

डेटा अर्ध्याच्या वर शिल्लक आहे.

दोन वर तिचं लेक्चर कसं चालणार? मी उगाच तिले म्हणत होती की तुले अभ्यास नाही करायचा म्हणून नेटचं नाव सांगते. वाईट वाटलं.

वणीचा_वायरमन · मंगळवार, रात्री ९.५०

ताई, वा. केबलवाल्यानंही हे एवढं मोजलं नसंल.

आता वाचा. सकाळी डब्याजवळ ३८ म्हणजे ४० च्या प्लॅनले एकदम बरोबर. तार चांगली, प्लॅनही चांगला. पण तेव्हाच खुर्चीवर ११, म्हणजे बारा महिने घरातल्या घरात पाऊण वेग हरवते. हा झाला पहिला रोग. रात्री डब्याजवळच ३८ चे १४ होतात, हा दुसरा. दोन्ही एकत्र आले की पोरीच्या हाती दोन उरतात. दोन रोगांचं औषध वेगळं.

पहिल्यापासून. पोरीचा फोन कोणत्या नावाले जोडलेला आहे? आणि डबा आणि तिची खुर्ची यांच्या मध्ये काय काय येते, सगळं सांगा. भिंत, कपाट, फ्रिज, काहीही.

तुरीची_शेंग · मंगळवार, रात्री १०.०२

5G वाल्या नावाले. तिनं स्वतःच घेतलं होतं, जास्त फास्ट म्हणून. मध्ये दोन भिंती, आणि मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर. लोखंडी, मोठा.

आणि हसू नका, डबा टीव्हीच्या मागं आहे आणि त्याच्यावर मी क्रोशाचा रुमाल टाकला आहे. धूळ बसते म्हणून.

चांदा_४७ · मंगळवार, रात्री १०.१५

चंद्रपूरकराकडून: या उन्हात डब्याले रुमाल? माणसालेही स्वेटर घाला मग. 😄 आमचा डबा मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत हात लावू देत नव्हता, दुपारी आपोआप बंद पडून चालू होत होता. खालच्या खोलीत आणला तेव्हा थांबला.

वणीचा_वायरमन · मंगळवार, रात्री १०.४०

रुमाल काढा, चांदाभाऊ बरोबर बोलले.

गुरुजी, आता तुमचं 5G. वायफायच्या नावामागचं 5G आणि मोबाइलचं ५जी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डबा एकाच वेळी दोन आवाजांत बोलते असं समजा. साधं नाव हा जाड आवाज. हळू, पण भिंतीपलीकडे ऐकू जाते. 5G वालं नाव हा बारीक आवाज. जवळ बसलं तर फार भारी, पण हातभर मातीची भिंत आली की दम तुटते. समोरच्या खोलीत टीव्हीले 5G द्या, मागच्या खोलीत पोरीले साधं नाव द्या. आणि तिच्या फोनमधून 5G वालं नाव 'विसरा' करून टाका, नाहीतर फोन पुन्हा तिकडेच उडी मारते.

आता कूलर. लोखंडी पत्रा आणि आत पाणी, वायफायले या दोन्हीचं वावडं. आमच्या विदर्भात उन्हाळ्यात नेट हळू झालं अशी तक्रार आली की मी पहिले विचारतो कूलर कधी बसवला. हलवा म्हणत नाही, ४५ मध्ये तसं म्हणणारा माणूस मार खाईल. डबा टीव्हीमागून काढून उंच ठेवा, कूलरच्या डोक्यावरून नजर जाईल असा.

पण डबा हलवताना एक जपा. मागं बारीक पिवळी किंवा पांढरी तार येते, तिच्या टोकाले हिरवी किंवा निळी टोपी. आतमध्ये काच आहे. ओढू नका, खिळ्यात अडकवू नका, बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका. जेवढी ढिली आहे तेवढंच हलवा. आणि ते टोक निघालं तर डोळ्यासमोर धरून आत पाहू नका, उजेड दिसत नाही पण डोळ्याले इजा करू शकते.

वडसा_वाला · मंगळवार, रात्री ११.१०

तारेवरून आठवलं. आमच्याकडे काळ्या तोंडाची वानरं छपरावरून येतात आणि खांबावरून घरात आलेल्या तारेले झोके घेतात. तेव्हापासून नेट हळू आहे. हाही वायफायचाच प्रॉब्लेम का?

वणीचा_वायरमन · मंगळवार, रात्री ११.२५

भाऊ, तुमचं हळू आहे की तुटक? फरक आहे. फायबर दबलं किंवा वाकलं की उजेड कमी येते, आणि तेव्हा नेट सहसा हळू नाही होत, तुटते. दोन मिनिटं गेलं, आलं, पुन्हा गेलं. मध्येच LOS लाल चमकते. तसं असंल तर वानरानं केलं म्हणा. केबलवाल्याले उजेड मोजायले सांगा, त्याच्याकडे मीटर असते. उणे २७ च्या खाली गेला तर जोड नवीन करावा लागते. नुसतंच हळू असंल आणि LOS कधीच चमकत नसंल, तर वानराले दोष देऊ नका.

तुरीची_शेंग · बुधवार, रात्री ९.३०

मंडळी, ऐका.

रुमाल काढला. पोरीच्या फोनमधून 5G काढून साधं नाव लावलं. नुसत्या तेवढ्यानं तिच्या खुर्चीवर रात्री २ चे ६ झाले. मग डबा कपाटावर ठेवला, तार पुरली, ओढली नाही. ६ चे ९. लेक्चर चाललं, मध्येच एकदाच चाक फिरलं. पोरगी म्हणाली, "आई, तू कुठून शिकली?" मी काही सांगितलं नाही.

पण डब्याजवळ रात्री अजूनही १४-१५ च. दुसऱ्या रोगाचं काय?

वणीचा_वायरमन · बुधवार, रात्री ९.५५

९ पुरते. रेकॉर्ड केलेलं लेक्चर 720p मध्ये पाहिलं तर दोन-तीनमध्ये चालते, 1080p ले पाच धरा.

दुसऱ्यासाठी उद्या रात्री एक काम करा. घरातले सगळे फोन विमान मोडवर टाका, टीव्ही मागच्या बटणातून बंद करा, एकच फोन ठेवा आणि डब्याजवळ मोजा. आकडा ३८ च्या जवळ गेला तर खाणारा घरात आहे. नाही गेला तर बाहेर आहे. घरात असंल तर नुसतं पाहणारेच पाहू नका. कुणाचा फोन रात्री चार्जिंगले लावला की दिवसभराचे फोटो वर चढवते, तेव्हाही बाकीच्यांचं नेट रेंगाळते. मालकाच्या हातात फोन नसतेच, म्हणून लक्षात येत नाही.

तुरीची_शेंग · गुरुवार, रात्री ९.२०

सगळे बंद केले. सासूबाईंची मालिका बंद करायले लावली, त्यांचं तोंड अजून फुगलेलं आहे. १४ चे २२ झाले.

आणि एक निघालं. पुतण्या लग्नाले आला आहे, त्याचा फोन चार्जिंगले लावला की लग्नाचे व्हिडिओ वर चढवत होता. चारशेच्या वर बाकी होते. त्याले म्हटलं, दिवसा चढव बाप्पा.

पण २२ च. ३८ नाही. आणि माझ्या नणंदेनं सांगितलं की शेजारच्या ओट्यावर रात्री पाचसहा पोरं बसतात, ती आमच्या वायफायवर असतात, पासवर्ड पुतण्यानंच दिला.

निवृत्त_गुरुजी · गुरुवार, रात्री ९.४०

बघा, ओट्यावरची पोरं! पासवर्ड बदला, प्रश्न संपला.

वणीचा_वायरमन · गुरुवार, रात्री १०.१०

असू शकते, पण आत्ताच म्हणता येत नाही गुरुजी. ताईंनी मोजलं तेव्हा ती पोरं बसली होती का? दुसरं कारणही तेवढंच शक्य आहे. केबलवाल्याची गावापर्यंतची मोठी लाइन एकच असते, आणि सात ते दहा सगळं गाव एकदम तिच्यावर बसते. तिथं त्यानं कमी घेतलं असंल तर प्रत्येकाले थोडं थोडं कमी पडते. ते घरात बसून दुरुस्त होत नाही.

ताई, पासवर्ड बदलायचा तर पोरगा पुण्याहून आला की करा, किंवा केबलवाल्याकडून समोर बसून करून घ्या. नवीन पासवर्ड टाकला की घरातला प्रत्येक फोन आणि टीव्ही पुन्हा जोडावा लागते, ते ध्यानात ठेवा. बदलल्यावर रात्री पुन्हा सगळे बंद करून मोजा. २२ चे ३५ झाले तर ओटा. २२ च राहिले तर गाव.

तुरीची_शेंग · रविवार, सकाळी ७.१०

फ्रिजवरचा कागद पोरीनं लिहिला, तिच्या अक्षरात. इथं टाकते, कुणाले लागला तर.

LOS लाल दिसला तर बाकी काही करायचं नाही, केबलवाल्याले फोन. लाल नसंल तर एकदाच बंद, तीस मोजून चालू, पाच मिनिटं थांबणं. पिन नाही. मग fast.com, डब्याजवळ आणि खुर्चीवर, मोबाइल डेटा बंद करून. डब्याजवळ चांगला, खुर्चीवर वाईट, तर फोन कोणत्या नावाले आहे ते पाहा, डब्यासमोर काय आलं ते पाहा. दोन्हीकडे वाईट, तर सगळे फोन विमान मोडवर टाकून पुन्हा. तरी वाईट, तर डेटा उरला का ते अ‍ॅपमध्ये. एवढं झाल्यावरच फोन, आणि फोनवर आकडे सांगायचे, "हळू आहे" म्हणायचं नाही.

काल केबलवाल्याले फोन लावला. म्हटलं, सकाळी डब्याजवळ ३८, रात्री साडेआठले सगळे फोन बंद करून २२, LOS बंद, डेटा शिल्लक. पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणे, "काकू, कोण आलं तुमच्याकडे?"

पासवर्ड त्यानं बदलून दिला. पण कालपासून गावात लग्न आहे, ओट्यावर कुणी नाही आणि सगळं गाव मांडवात, म्हणून रात्री डब्याजवळ ३६ आले. हे पासवर्डनं झालं की लग्नानं?

वणीचा_वायरमन · रविवार, सकाळी ७.४५

ताई, पाहुणे गेले की बुधवारी रात्री साडेआठले पुन्हा मोजा.